हप्ता बारा महिने, टोमॅटो चार महिने

वाचकाचे पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात): "मी ३४ वर्षांचा आहे, सिन्नर तालुक्यात राहतो. गेली ११ वर्षं दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे. पगार १८ हजार. टोमॅटो, द्राक्षं, कधी किराणा, कधी एमआयडीसीचा माल असं काम असतं. मालकाच्या एका गाडीचा सीझनचा महिन्याचा धंदा ऐंशी हजारांपर्यंत जातो, हे मी डोळ्यांनी पाहतो. माझ्याकडे दीड लाख साठले आहेत. फायनान्सवाला म्हणतो, दीड लाख भर, ८ लाखांचं कर्ज करून देतो, व्याज फक्त ८ टक्के, पाच वर्षं १८,६६७ रुपयांचा हप्ता. पैसे कमी पडले तर पत्नी दागिने ठेवायला तयार आहे. अक्षय्य तृतीयेला गाडी दारात आणावी असं मनात आहे. आणावी का? आणि आणली तर कोणतं काम धरू? माझ्याकडे वेगळा बॅजही नाही."

बॅजचं आधी उरकून टाकू, कारण ती काळजी आता उरलेली नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. गाडीचं परमिट ही वेगळी गोष्ट. मालासकट गाडीचं कमाल वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. पिकअपची मोठी मॉडेलं या रेषेच्या वर जातात, म्हणून पसंत केलेल्या मॉडेलचा हा आकडा शोरूममध्येच पाहून घ्या.

आता ऐंशी हजारांकडे येऊ. भाऊ, तो आकडा खोटा नाही. पण तो कशातून उभा राहतो हे तुमच्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नाही, आणि पत्रात नेमकं तेच आलेलं नाही. टोमॅटोचा क्रेट साधारण २० किलोचा. गाडीची क्षमता १,३०० किलो असेल, तर रिकाम्या क्रेटचं वजन धरून कायद्याने साठेकच क्रेट बसतात. सीझनमध्ये मालकाच्या गाडीत किती भरता? शंभराच्या वर जात असतील, तर त्या ऐंशी हजारांतला मोठा वाटा जादा मालाचा आहे. सिन्नर ते पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार जाऊन-येऊन १२० किलोमीटर धरा आणि क्रेटला ३० रुपये भाडं धरा. (तुमच्या वाटेचा खरा दर तुम्हाला माहीत आहे, तो इथे घाला.) साठ क्रेटचे १,८०० रुपये होतात, ११५ क्रेटचे ३,४५०. गाडी तीच, रस्ता तोच.

मालकाला हे झेपतं, कारण त्याच्या तीन गाड्या आहेत आणि एक पकडली तर दोन चालू राहतात. तुमची एकच असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० असा आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. एक टन जादा म्हणजे २२,००० रुपये. तुमच्या अख्ख्या हप्त्यापेक्षा ते जास्त आहेत, आणि टोमॅटो रस्त्याच्या कडेला राहतात ते वेगळंच. त्या अवस्थेत अपघात झाला, तर विमा कंपनी दाव्यात काय काय खुसपट काढेल हेही मनात ठेवा. ज्या धंद्याचा हिशेब जादा माल भरल्याशिवाय जुळत नाही, त्याच्या भरवशावर पाच वर्षांचा करार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट ते 'फक्त ८ टक्के'. मी काही वर्षं एका पतसंस्थेच्या कर्जविभागात काढली आहेत, त्यामुळे 'फक्त' हा शब्द ऐकला की मी कॅल्क्युलेटर काढतो. तुमच्या हप्त्याचं गणित असं आहे: ८ लाखांवर ८ टक्क्यांनी वर्षाला ६४,००० व्याज, पाच वर्षांचं ३,२०,००० आणि मुद्दल धरून ११,२०,०००. भागिले साठ, म्हणजे बरोबर १८,६६७. याला फ्लॅट व्याज म्हणतात. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ८ लाखांवर लागत राहतं. बँकेसारखं उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हाच दर १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पण शेजारची बँक १० टक्के म्हणते आणि हा ८, म्हणून हा स्वस्त असं समजून तुम्ही सही कराल, तर ते चूक ठरेल.

यावर एक कागद उपयोगी पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कर्जाआधी ग्राहकाला मुख्य माहितीचं पत्रक, ज्याला कर्मचारी केएफएस म्हणतात, द्यावंच लागतं आणि ते त्याला समजेल अशा भाषेत असावं लागतं. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. फाइल चार्ज आणि कर्जात जोडून दिलेला विमा धरून ते कर्ज तुम्हाला कितीला पडतं, हे तो एकच आकडा सांगतो. दोन ठिकाणची ही पत्रकं शेजारी ठेवा आणि फक्त एपीआर बघा. तुमच्या आयुर्विम्याचा हप्ता न विचारता कर्जात घातलेला असतो, तोही त्यातच सापडेल. एखादा एजंट "ते नंतर मिळतं" म्हणाला, तर तुम्हीही नंतरच या.

बँकेत मुद्रा योजनेखाली मालवाहू गाडीला तारण न देता कर्ज मिळू शकतं. हेलपाटे पडतात, पण एपीआरमधला फरक पाहिला की ते वसूल होतात. एखाद्या आर्थिक विकास महामंडळाच्या व्याज परताव्याच्या योजनेत बसत असाल, तर एक लक्षात ठेवा: आधी हप्ता तुम्ही भरायचा, परतावा मागाहून खात्यावर येतो. तो येईल असं धरून हप्ता ठरवू नका.

आता गाडी महिनाभर चालवून बघू, कागदावर. चांगला महिना, २,५०० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. टायर, सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच मिळून आणखी २ रुपये. फिरण्याचा खर्च झाला २३,७५०. विमा, कर, पासिंग यांचा महिन्याचा वाटा ३,५००. (७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच वर्षाला १६ हजारांच्या आसपास असतो.) टोल, पार्किंग, मोबाइल, हमालाचा चहा यांचे २,५००. हप्ता १८,६६७. आणि तुमचा आजचा पगार १८,०००, कारण तो सुटला की घर चालवायला तेवढे लागणारच. एकूण ६६,४१७.

म्हणजे नवा 'मालक' आजच्या ड्रायव्हरइतकाच कमावतो, त्यासाठी महिन्याला साडेसहासष्ट हजारांचा धंदा व्हायला हवा. किलोमीटरला २६ रुपये ६० पैसे पडले. पण येताना गाडी रिकामी असेल, तर भरलेल्या किलोमीटरमागे ५३ रुपये सुटले पाहिजेत. पिंपळगावच्या फेऱ्या महिन्याला २१ धरा, तर फेरीला ३,१६० रुपये हवेत. साठ क्रेटचे १,८०० येतात हे वर पाहिलं. ड्रायव्हर जादा माल का भरतात, याचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

आता मंद महिना घ्या. द्राक्षं उतरली, टोमॅटो अजून लागायचा आहे, असे मे, जून, जुलै. गाडी १,४०० किलोमीटर फिरली. दर तोच मिळाला असं मानलं, तर धंदा ३७,२४०. फिरण्याचा खर्च घटून १३,३०० झाला. पण कागदपत्रं, वरखर्च आणि हप्ता यांचे २४,६६७ जागचे हलले नाहीत. बेरीज ३७,९६७. खिशातून सातशे रुपये गेले आणि घरी एक रुपया आला नाही. डिझेल आणि टायर गाडी उभी राहिली की थांबतात. हप्ता थांबत नाही. म्हणून हप्ता झेपेल का हे ऐंशी हजारांच्या महिन्यावरून ठरवायचं नसतं, जूनवरून ठरवायचं असतं. असे तीन महिने काढायला घरखर्च धरून ५५ ते ६० हजार वेगळे लागतात. तुमच्या दीड लाखातले ते साठ हजार गाडीचे नाहीत, असं समजा. मग भरायला उरतात ९०,०००.

दागिन्यांचं म्हणाल, तर ते डाउन पेमेंटसाठी ठेवू नका. सोनं गहाण ठेवलं की त्याचंही व्याज सुरू होतं, म्हणजे पहिल्याच दिवसापासून दोन हप्ते. गाडीचं इंजिन बसलं किंवा घरात दवाखाना निघाला, तर ते सोनं मोकळं असलं पाहिजे.

कामाचं मी असं सुचवेन: हप्ता आणि विमा एका बांधलेल्या कामातून निघावा, आणि घर मंडईतून चालावं. बांधलेलं काम म्हणजे मुसळगाव किंवा माळेगावच्या एमआयडीसीतला एखादा छोटा कारखाना, ज्याचा माल रोज सातपूर-अंबडला जातो, किंवा शहरातला एखादा वितरक. समजा महिन्याला १,५०० किलोमीटरचे ४०,००० ठरले, डिझेल तुमचं. त्यातले १४,२५० फिरण्यात गेले, २५,७५० उरले. हप्ता आणि कागदपत्रं मिळून २२,१६७. हे काम हप्ता उचलतं. तेच ३२,००० ला ठरलं, तर नाही उचलत, मग कंपनीचं नाव कितीही मोठं असो. काम धरण्याआधी एवढी एक वजाबाकी करायची.

बांधलेल्या कामातला खड्डा दराचा नसतो, उधारीचा असतो. बिल महिन्याच्या शेवटी, पैसे त्यानंतर ४५ दिवसांनी. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत अडीच महिने डिझेल तुमचं आणि दोन हप्तेही तुमचे. दर चांगला असूनही गाडी ओढून नेलेली मी पाहिली आहे, ती अशीच. म्हणून आधीच विचारा, निम्मी रक्कम पंधरवड्याला मिळेल का. काम लेखी घ्या, निदान लेटरहेडवर चार ओळी: दर, किलोमीटर, पैसे देण्याचा दिवस आणि डिझेल वाढलं तर दर किती वाढणार. उद्यम नोंदणी करून ठेवा, ती फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. एकट्या गाडीवाल्याने त्यावरून भांडणं अवघडच, पण बोलणी करताना तो मुद्दा हाताशी असतो.

मंडईचं काम करताना परतीची फेरी भरा. सिन्नरच्या पट्ट्यातल्या गावांत किराणा दुकानदार, खत-औषधांचे दुकानदार, पशुखाद्यवाले माल आणायला नाशिकला जातात किंवा कोणाची तरी वाट बघतात. अशी आठ-दहा दुकानं धरून मंगळवार-शुक्रवार असे वार बांधून द्या. फेरीमागे ९०० रुपये मिळाले, तरी त्यात जादा डिझेल जवळपास नाही, फक्त तासभर थांबणं आहे. जाताना भाजी आणि येताना गोणी, हे काम दिसायला किरकोळ वाटतं, पण साठ क्रेटच्या १,८०० ला २,७०० करणारं तेवढंच आहे. घर हलवणं, मंडप, मोबाइलवरच्या ॲपची भाडी ही रिकाम्या दिवसाची कामं. ती घ्या, हिशेबात धरू नका.

नवीच गाडी हवी का, हेही जरा विचारात घ्या. समजा चार वर्षांची गाडी ४,६०,००० ला मिळाली. ९०,००० भरले, ३,७०,००० चं कर्ज, जुन्या गाडीला दर चढा म्हणून फ्लॅट १० टक्के, तीन वर्षं. हप्ता १३,३६१ येतो. म्हणजे महिन्याला ५,३०० वाचतात. गॅरेजचा खर्च किलोमीटरला दीड रुपया वाढला, तर चांगल्या महिन्यात ३,७५० त्यात जातात. फायदा तुटपुंजा वाटेल. पण मंद महिन्यात तो दीड रुपया फक्त २,१०० चा होतो आणि हप्त्यातले ५,३०० मात्र तसेच वाचतात. शिवाय कर्ज पाचऐवजी तीन वर्षांत मिटतं. अकरा वर्षं पिकअप चालवलेल्या माणसाला इंजिनचा आवाज कळतो, चेसीला वेल्डिंग केलेलं दिसतं, म्हणून तुम्हाला हा मार्ग मी सुचवतो. नवख्याला सुचवला नसता. आठ वर्षांनंतर पासिंग दर वर्षी करावं लागतं, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या पुढची गाडी बघू नका. थकलेली ई-चलनं तपासा, आणि आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा असेल तर त्याचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "बाकीचे हप्ते तुम्ही भरा, नोटरी करून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. कर्ज त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर आणि पैसे तुमचे, असा तो व्यवहार असतो.

नवीच घेतली आणि दोन वर्षांनी जमेना, तर काय होतं तेही सांगतो. चोवीस हप्ते म्हणजे ४,४८,००० भरून झाल्यावरही कर्ज साधारण ५,४५,००० शिल्लक असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं. मुदतीआधी बंद करण्याचा आकार वेगळा, तोही पत्रकात आधी वाचा. हप्ता चुकणार असं दिसलं, तर तारखेच्या आधी शाखेत जा. चेक किंवा ऑटोडेबिट परत गेला की तुमची बँक आणि कर्ज देणारा, दोघंही दंड लावतात. ९० दिवस थकलं की खातं बुडीत समजलं जातं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि गाडी जमा करायची वेळ आलीच, तर बाकीचा लेखी हिशेब घेतल्याशिवाय 'स्वेच्छेने देत आहे' या कागदावर सही करू नका. लिलावात कमी पैसे आले, तर उरलेली बाकी तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येते. जामीनदार मेहुणा असेल, तर हे त्याला आजच सांगा.

तुमच्याकडे एक सोय आहे जी बाकीच्यांकडे नसते: तुम्ही ज्या धंद्यात उतरणार, त्याची गाडी आत्ताही तुमच्याच हातात आहे. एक वही करा. रोज पाच रकाने: किती किलोमीटर भरलेली, किती रिकामी, माल किती किलो, भाडं किती, पैसे कधी मिळाले. मालकाला कळेल तर कळू द्या. जूनचं पान भरल्याशिवाय कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही करू नका. आणि त्या पानाने घाबरवलं, तर मालकाला विचारा, मंद महिन्यांत त्याची एक गाडी ठरावीक रकमेवर तुम्हाला चालवायला देतो का. उभ्या गाडीचे पैसे येतात म्हणून बरेच मालक तयार होतात, आणि तुम्हाला हप्ता न काढता हप्त्याची सवय होते.

राहिला मुहूर्त. अक्षय्य तृतीया एप्रिल-मे मध्ये येते. त्या दिवशी गाडी आणली, तर पहिले दोन-तीन हप्ते बरोबर मे, जून, जुलैच्या तोंडावर पडतात, बांधलेल्या कामाचं पहिलं बिलही तेव्हा हाती आलेलं नसतं. गाडी जुलैच्या शेवटी आणा आणि हप्त्याची तारीख ५ ऐवजी १५ मागून घ्या, म्हणजे कंपनीचे पैसे आधी येतील. पहिला हप्ता जाईल तेव्हा पिंपळगावला टोमॅटोचे लिलाव सुरू झालेले असतील. नारळ तेव्हाही फोडता येतो, श्रावणातही गाड्यांची पूजा होते.